व्हेक्टरसारखं दिसणारं चित्र आणि खरी व्हेक्टर फाइल: छापील पत्रकासाठी प्रॉम्प्ट लिहिणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्या

प्रॉम्प्टमध्ये ‘flat vector’ असं लिहिलं की व्हेक्टर मिळतं, हा समज आता प्रेसच्या दारापर्यंत पोचला आहे. ग्राहक मोबाइलवर बनवलेलं सहा पायऱ्यांचं सुबक चित्र घेऊन येतो आणि ठामपणे सांगतो, “हे व्हेक्टरच आहे, हवं तेवढं मोठं करा.” डीटीपी करणारा ते कोरलमध्ये टाकतो आणि सांगतो, “साहेब, ही पीएनजी आहे.” मग दोघांत वाद होतो. खरं तर दोघंही बरोबर बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. एकजण चित्राच्या शैलीबद्दल बोलतो, दुसरा फाइलच्या आतल्या रचनेबद्दल.

शैलीवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण ती तुम्हाला माहीत आहे. सपाट रंग, सावली नाही, पोत नाही, साधे आकार, गोलसर माणसं. बँकेच्या अॅपपासून लसीकरणाच्या पोस्टरपर्यंत सगळीकडे हेच दिसतं आणि इमेज जनरेटर ही शैली छान उचलतात. घोटाळा होतो तो पुढे.

बहुतेक इमेज जनरेटर शेवटी देतात ती चौकटींची, म्हणजे पिक्सेलची, जाळी. 1024 आडव्या, 1024 उभ्या, आणि प्रत्येक चौकटीत एक रंग. चित्रात निळी टाकी दिसत असली तरी फाइलमध्ये ‘टाकी’ नावाचा आकार कुठेच नाही, फक्त निळ्या चौकटी शेजारी शेजारी आहेत. व्हेक्टर फाइलमध्ये उलट असतं. तिथे चौकटी नसतात, सूचना असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणाची रेघ काढ, आतला भाग या रंगाने भर. ठिपक्यांच्या रांगोळीचा फोटो आणि त्या रांगोळीचा ठिपके-रेषांचा कागद यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. कागद हातात असेल तर अंगणभर रांगोळी काढता येते, एखादी पाकळी वगळता येते, रंग बदलता येतो. फोटो कितीही सुंदर असला तरी त्यातली पाकळी वेगळी होत नाही.

तपासायला अर्धा मिनिट पुरतं. कोरलमध्ये चित्रावर क्लिक करा आणि खाली स्टेटस बारमध्ये बघा: `Bitmap` लिहून आलं की ती जाळी, `Curve` आलं की तो आकार. इलस्ट्रेटरमध्ये `Ctrl+Y` दाबा. खऱ्या व्हेक्टरच्या बारीक बाह्यरेषा दिसतील, जाळी असेल तर नुसती रिकामी चौकट दिसेल. फाइलच्या नावामागे `.svg` किंवा `.pdf` आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. काही ऑनलाइन कन्व्हर्टर पीएनजी आहे तशी एसव्हीजीच्या पाकिटात घालून देतात. एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडली की हे लगेच कळतं. पाकिटातली जाळी अशी दिसते:

```
<image width="1024" height="1024"
 href="data:image/png;base64,iVBORw0KGgo...
```

आणि खरा आकार असा:

```
<path fill="#00aeef" d="M120 80 L340 80 C360 ...
```

इथपर्यंत आल्यावर बरेच जण म्हणतात, “म्हणजे रेझोल्यूशन कमी पडतं, एवढंच ना? मोठी पीएनजी देतो.” मला सर्वात जास्त खटकतं ते हेच, कारण पत्रकाच्या बाबतीत रेझोल्यूशन हा प्रश्नाचा अगदी छोटा भाग आहे. हिशोब करून बघा. ऑफसेटला चित्र साधारण 300 पीपीआय, म्हणजे इंचाला 300 चौकटींचं लागतं, कारण छपाईच्या ठिपक्यांचा स्क्रीन बहुधा इंचाला 150 ते 175 ओळींचा असतो आणि चित्राला त्याच्या दुप्पट माहिती हवी. 1024 चौकटींचं चित्र 300 पीपीआयला साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटर रुंद छापता येतं. ए-5 पत्रकाच्या पूर्ण 148 मिलिमीटर रुंदीवर तेच चित्र ताणलं तर ते 176 पीपीआयवर येतं आणि मऊ दिसतं. पण सहा पायऱ्यांची सहा छोटी चित्रं प्रत्येकी 3 सेंटिमीटर रुंदीची लावली, तर प्रत्येकाला साडेतीनशेच्या आसपास चौकटी पुरतात आणि तुमच्याकडे 1024 आहेत. चौकटी भरपूर झाल्या. तरीही छपाई भुरकट येते. का येते, ते महत्त्वाचं.

एक उदाहरण घेऊ. सोसायट्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या साफ करून देणारा एक व्यावसायिक आहे. त्याला रहिवाशांना वाटायला ए-5 पत्रक हवं: काम कसं होतं, पाणी किती वेळ बंद राहील, त्यांनी काय करायचं. पायऱ्या सहा आहेत. आदल्या रात्री घरात पाणी भरून ठेवायचं, मग वॉल्व बंद करून टाकी उपसायची, तळाचा गाळ काढायचा, भिंती जेटने धुवायच्या, जंतुनाशक मारायचं, शेवटी टाकी भरून वॉल्व उघडायचा. खर्च आटोक्यात ठेवायला पत्रक दोन रंगांत छापायचं ठरलं: सायन आणि काळा. पाण्याच्या धंद्याला सायन शोभतोही, आणि प्रत्येक शाईला एक प्लेट या हिशोबाने चारऐवजी दोनच प्लेट लागतात.

आता जनरेटरचं चित्र जसंच्या तसं पानावर टाकलं तर काय होतं? ते आरजीबीत आहे. सीएमवायकेत बदलताना त्यातला ‘काळा’ चारही शाईंमध्ये वाटला जातो: थोडा सायन, थोडा मॅजेंटा, थोडा पिवळा आणि वर काळा. निळ्यातही मॅजेंटा शिरतो. डोळ्यांना दोन रंगांचं दिसणारं चित्र प्लेटच्या दृष्टीने चार रंगांचं असतं. दोन रंगांचं बजेट तिथेच कोसळतं, किंवा डीटीपीवाला ते घाईघाईने ग्रेस्केल करून देतो आणि सगळी टाकी राखाडी होते. चार रंगांत छापायला तुम्ही तयार असलात तरी बारीक काळ्या रेघा चार प्लेटवर विभागलेल्या असतात. कागद केसभर सरकला, शाईंची एकमेकींवरची जुळणी, म्हणजे रजिस्ट्रेशन, किंचित हललं, की रेघेच्या कडेला गुलाबी किंवा निळी किनार दिसू लागते. फोटोत हे खपून जातं. सपाट चित्रात नाही, कारण सपाट चित्राचं सगळं सौंदर्य स्वच्छ कडेतच असतं.

आणि कड हीच दुसरी गोष्ट. प्लेट बनवणारं सीटीपी यंत्र साधारण 2400 डीपीआयला काम करतं. व्हेक्टर आकाराची कड ते थेट त्या बारकाईने कापतं. जाळीच्या चित्रात मात्र कडेवर आधीच फिकट होत जाणाऱ्या चौकटी असतात. पडद्यावर कड गुळगुळीत दिसावी म्हणूनच त्या घातलेल्या असतात. त्या फिकट चौकटी प्लेटवर ठिपक्यांत मोडतात आणि काठ कुरतडल्यासारखा दिसतो. अक्षरांवर आणि ठोस रंगावर हा फरक सर्वात जास्त उठून दिसतो, आणि पायऱ्या सांगणाऱ्या पत्रकात ठोस रंग आणि अक्षरं याशिवाय असतं काय?

शिवाय त्या ‘सपाट’ निळ्यात एकच निळा नसतो. चित्र 800 टक्के मोठं करून बघा. एकमेकांच्या अगदी जवळच्या अनेक छटा सांडलेल्या दिसतील, आणि चित्र व्हॉट्सअॅपवरून जेपीईजी होऊन आलं असेल तर कडेभोवती कचराही. ‘टाकीचा रंग सायन 100 करा’ ही साधी सूचना अशा चित्रात पाळता येत नाही. व्हेक्टरमध्ये ती एका क्लिकची गोष्ट आहे.

म्हणून माझा आग्रह स्पष्ट आहे. जनरेटरकडून पत्रक मागू नका, कच्चं चित्र मागा. ते ट्रेस करून, म्हणजे कडा गिरवून, व्हेक्टर करता येईल असंच मागा. प्रॉम्प्टचं काम तेवढंच. ‘flat vector’ हे शब्द ठेवा, ते शैलीसाठी उपयोगी आहेत: ठोस रंग आणि धारदार कडा असलेलं चित्र ट्रेसला सोपं जातं. पण ‘300 dpi’, ‘CMYK’, ‘print ready’, ‘8k’, ‘SVG format’ हे सगळं काढून टाका. फाइल कोणत्या रंगपद्धतीत आणि किती चौकटींची येणार, हे ते अवजार आणि त्याची सेटिंग ठरवतात. वाक्यात लिहिल्याने त्यातलं काहीच बदलत नाही, फक्त चित्रात भलतीच चकाकी येण्याचा धोका वाढतो.

तितक्याच ठामपणे सांगतो: ‘infographic’ हा शब्दही काढा. सर्वात जास्त नुकसान हाच शब्द करतो. तो लिहिला की जनरेटरला माहीत असलेलं सगळं इन्फोग्राफिक पानावर उतरतं. निरर्थक अक्षरांच्या ओळी, कुणीही न मागितलेले पाय-चार्ट, कुठूनही कुठेही जाणारे बाण, 1, 2, 4, 4 असे आकडे. सहा पायऱ्या सांगितल्या तर पाच येतात, कधी सात. देवनागरी मागितली तर शिरोरेघ मधेच तुटते, ‘स्वच्छ’मधलं जोडाक्षर भलतंच होतं. काही नवी मॉडेल मजकूर बऱ्यापैकी लिहितात हे मान्य. पण नीट लिहिलेला मजकूरही चित्रातच चिकटलेला असतो. फोन नंबर बदलला, ‘तीन तास’चं ‘चार तास’ झालं, की पुन्हा सगळं चित्र नव्याने. इन्फोग्राफिक म्हणजे क्रम, आकडे, बाण, मजकूर आणि त्यांची मांडणी. हे पानावर डीटीपीत बनतं. जनरेटरने फक्त त्यातली चित्रं द्यावीत.

प्रत्येक पायरीसाठी वेगळा प्रॉम्प्ट लिहा, आणि त्यात प्रक्रियेचं नाव लिहू नका, डोळ्यांना काय दिसतं ते लिहा. ‘टाकीचं निर्जंतुकीकरण’ असं लिहिलं तर प्रयोगशाळा, ढाल, विषाणूचे काटेरी गोळे असलं काहीतरी येतं. ‘water tank’ एवढंच लिहिलं तर बरेचदा उंच खांबांवरची अमेरिकन गावातली टाकी येते. सोसायटीतल्या रहिवाशाला स्वतःच्या गच्चीवरची काळी, गोल, कड्यांची प्लॅस्टिकची टाकी दिसली पाहिजे. म्हणून दुसऱ्या पायरीचा प्रॉम्प्ट मी असा लिहीन:

```
flat vector illustration, one short cylindrical black
plastic rooftop water tank with ribbed sides, lid open,
a hose from the bottom outlet draining water,
solid fills in three colours: black, cyan, pale cyan,
hard edges, single object centred, plain white background
```

नको असलेल्या गोष्टी मुख्य वाक्यात ‘no text’ अशा लिहिण्यापेक्षा त्यांच्यासाठी राखलेल्या जागी लिहा. नुसतं नाव घेतल्यानेही काही मॉडेल तीच गोष्ट चित्रात आणतात. स्टेबल डिफ्यूजनमध्ये त्यासाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो, मिडजर्नीत `--no`:

```
--no text, letters, numbers, arrows, gradient, shadow
```

पुढच्या पायऱ्यांत पहिली ओळ, रंगांची ओळ आणि शेवटची ओळ अक्षरशः तीच ठेवा, बदला फक्त मधलं दृश्य. पहिलं मनासारखं चित्र मिळालं की तेच बाकीच्यांना शैलीचा नमुना म्हणून जोडा, म्हणजे सहाही चित्रं एकाच कुटुंबातली वाटतील. सगळी सहा एकाच चित्रात 3×2 अशी मागण्याचा मोह होतो, शैली सारखी राहते म्हणून. मला ते पटत नाही. 1024च्या चित्रात प्रत्येक टाकीला जेमतेम 340 चौकटी येतात, झाकणाची कड आणि नळीचं तोंड ट्रेस करताना गोळा होऊन जातं.

रंग तीनच का, तर ट्रेससाठी. कोरलमध्ये चित्र निवडून `Bitmaps > Outline Trace > Clipart`, इंकस्केपमध्ये `Path > Trace Bitmap` आणि तिथे अनेक रंगांचा पर्याय. रंगांची संख्या तुम्हीच ठरवून द्या: काळा, सायन, फिका सायन आणि पार्श्वभूमीचा पांढरा धरून चार. आपोआप सोडलं तर त्या सांडलेल्या छटांचे वेगवेगळे पापुद्रे तयार होतात आणि एका टाकीत शेकडो तुकडे येतात. ट्रेस चांगला झाला की नाही हे नोडवरून, म्हणजे रेघेवरच्या बिंदूंवरून, ओळखावं. टाकीची सरळ भिंत दोन नोडमध्ये असायला हवी. तिथे मुंग्यांची रांग दिसली तर तो ट्रेस टाकून द्या, गुळगुळीतपणा वाढवून पुन्हा करा. तरीही भिंत थरथरलेली राहिली तर मी सरळ आयत आणि लंबवर्तुळ घेऊन टाकी हाताने काढतो, ट्रेस खाली ठेवून. साध्या आकाराला तेच सर्वात लवकर होतं. मग पांढरी पार्श्वभूमी निवडून पुसा, काळ्याला फक्त काळा 100 द्या, सायनला सायन 100, फिक्याला सायन 30. बाकी तीन आकडे शून्य. आता हे चित्र दोन प्लेटवर बसतं, आणि कधी टेम्पोच्या मागे फलक करायचा झाला तरी हेच चालतं.

थेट व्हेक्टर देणारी अवजारंही आहेत, ती नाकारत नाही. रिक्राफ्टमधून एसव्हीजी निघते, इलस्ट्रेटरमध्येही प्रॉम्प्टवरून थेट व्हेक्टर बनवण्याची सोय आहे. तिथे ट्रेसची पायरी वाचते. पण जाळी की आकार ही वर सांगितलेली तपासणी तिथेही करा, रंगांची संख्या तिथेही बांधून द्या, आणि मजकूर तिथेही मागू नका.

पानावर मांडताना एक गोष्ट या पत्रकापुरती महत्त्वाची आहे. सहापैकी पहिली पायरी रहिवाशाने करायची आहे, बाकीच्या पाच कामगार करणार. सगळ्यांना सारखा गोल आकडा आणि सारखा बाण दिला तर वाचणाऱ्याला आपलं काम कोणतं हे कळत नाही, आणि सकाळी नळ कोरडा दिसला की फोन सुरू होतात. पहिली पायरी ठोस सायन पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत घ्या, ‘तुम्ही करायचं’ असं लिहा. उरलेल्या पाच पांढऱ्यावर, ‘आम्ही करतो’ या मथळ्याखाली. चौथ्या-पाचव्या पायरीत माणूस दाखवायचा असेल तर तोच गणवेश, तीच टोपी. पाणी बंद राहण्याची वेळ सहाव्या पायरीशेजारी मोठ्या आकड्यात हवी, कारण लोक पत्रकात तेवढंच शोधतात.

अक्षरं डीटीपीतच टाइप करा, काळा 100 मध्ये. युनिकोड फाँट वापरत असाल आणि प्रेसकडे कोरलची जुनी आवृत्ती असेल तर जोडाक्षरं तिथे उघडताना मोडू शकतात. म्हणून छपाईच्या प्रतीत सगळी अक्षरं निवडून कोरलमध्ये `Ctrl+Q` ने कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार बनवा, पण कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी फोन नंबर बदलायलाही अक्षरं पुन्हा टाइप करावी लागतील. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा कड, सोडायचं हे प्रेसवाले सांगतातच.

या सगळ्यात जाळीच्या चित्राला एक हक्काची जागा आहे. टाकीच्या तळाचा साफसफाईआधीचा आणि नंतरचा फोटो. तो व्हेक्टर करू नका, कार्टूनही करू नका. गाळाचा खरा थर बघूनच लोक फोन करतात. फोटो मोबाइलवरून मूळ आकारात घ्या, व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि दोन रंगांच्या पत्रकात तो काळ्या एका शाईत ग्रेस्केल छापा. दोन्ही फोटो एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात काढलेले असले की पुरे.